वीस गुंठ्यांच्या बागेला चुना किती? हेक्टरी टनांपासून झाडाच्या बुंध्यापर्यंतचा हिशेब

प्रश्न: आजरा तालुक्यात आमची २० गुंठ्यांची बाग आहे, २४ काजू आणि ८ आंबे. माती परीक्षणात सामू ५.१ आला असून "चुना हेक्टरी ३ टन" अशी शिफारस आहे. काजूच्या फांद्या खोडापासून अंदाजे अडीच मीटर आणि आंब्याच्या साडेतीन मीटर पसरल्या आहेत. दुकानात चुनखडीच्या भुकटीची ५० किलोची पोती मिळतात, त्यांवर ८५ टक्के असे लिहिले आहे. एकूण किती पोती आणू आणि झाडाला किती किलो घालू?

उत्तर:

यंदा पाच पोती आणावीत. त्यातून प्रत्येक काजूला सुमारे सहा किलो आणि प्रत्येक आंब्याला सुमारे साडेदहा किलो भुकटी पसरावी, आणि उरलेल्या चुन्याचा निर्णय पुढच्या वर्षी माती पुन्हा तपासून घ्यावा. कागदावरचा सरळ हिशेब बारा पोत्यांचा येतो. त्या बारांची पाच कशी झाली, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण तुमची झाडे मोठी झाली किंवा दुसऱ्या दुकानातून माल आणला की माझे आकडे बदलतील, पद्धत मात्र तीच राहील.

प्रथम क्षेत्राकडे पाहू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर आणि एक टन म्हणजे १,००० किलो. त्यामुळे "हेक्टरी १ टन" याचा अर्थ चौरस मीटरला १०० ग्रॅम असा होतो. तुमची ३ टनांची शिफारस म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, अर्थात एका आराला ३० किलो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते आणि आपण बोलताना गुंठे म्हणतो. काटेकोर पाहिले तर गुंठा हा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटरचा, आणि आर बरोबर १०० चौरस मीटरचा. शंभरातला एक-सव्वा टक्का एवढाच हा फरक असल्याने चुन्याच्या कामात दोन्ही एकच धरले तरी चालते. गोंधळ होतो तो एकरामुळे. दुकानदार एकराच्या भाषेत बोलतो आणि अहवाल हेक्टरच्या. हेक्टरी ३ टन म्हणजे एकरी साधारण बाराशे किलो. एकरी ३ टन असे समजून कोणी माल उतरवला, तर जमिनीत अडीच पट चुना पडतो.

तर २० आर गुणिले ३० किलो, एकूण ६०० किलो, म्हणजे बारा पोती. बहुतेक जण येथेच थांबतात, सहाशेला बत्तीस झाडांनी भागतात आणि झाडामागे पावणेएकोणीस किलो आळ्यात ओततात. माझ्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक हीच आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

राधानगरीच्या बाजूला आमची आंब्याची लहान बाग आहे. तेव्हा झाडे कोवळी होती, घेर दीड-पावणेदोन मीटरचा. एकूण चुना झाडांच्या संख्येने भागून मी प्रत्येक आळ्यात घमेल्याने रिकामा केला आणि कुदळीने वरवर मातीआड केला. दुसऱ्या वर्षी नवी पालवी आली ती फिकट पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पाने अरुंद आणि शेंड्याला झुपक्यासारखी जवळजवळ आलेली. मला ती नत्राची कमतरता वाटली म्हणून युरिया दिला, काही फरक पडला नाही. शेवटी आळ्यातली आणि दोन ओळींमधली माती वेगवेगळी तपासून घेतली. ओळींमधला सामू ५.३ होता आणि आळ्यातला ७.९. मुळांच्या भोवती मी अक्षरशः वेगळी जमीन तयार केली होती, जिच्यात जस्त आणि लोह असूनही झाडाला उचलता येत नव्हते.

याचे कारण सरळ आहे. हेक्टरी टन हा पसरण्याचा दर आहे. ज्या चौरस मीटरवर भुकटी प्रत्यक्ष पडणार आहे त्यालाच तो लागू होतो, आणि ज्या जमिनीवर चुना टाकायचा नाही तिच्या वाट्याचा चुना उचलून झाडाखाली आणता येत नाही. तुमच्या बाबतीत झाडाखालीच चुना देणे योग्य आहे, कारण दोन झाडांमधल्या रिकाम्या जागेत दुसरे पीक तुम्ही सांगितलेले नाही आणि खुराक घेणारी बरीचशी मुळे फांद्यांच्या सावलीत व तिच्या थोडी बाहेर असतात. म्हणून सातबाऱ्यावरचे क्षेत्र बाजूला ठेवा आणि झाडाभोवतीचे वर्तुळ मोजा.

फांद्यांच्या टोकापासून अर्धा मीटर बाहेरपर्यंत चुना घ्यावा आणि खोडाला लागून अर्धा मीटर जागा कोरी सोडावी. काजूची त्रिज्या अशी ३ मीटर होते. वर्तुळाचे क्षेत्र २८.३ चौरस मीटर, त्यातून खोडाजवळचे सुमारे पाऊण चौरस मीटर वजा केले की साडेसत्तावीस उरतात. आंब्याची त्रिज्या ४ मीटर, क्षेत्र ५०.३, खोडाजवळची जागा वजा जाता साडेएकोणपन्नास. चोवीस काजूंचे मिळून ६६० आणि आठ आंब्यांचे मिळून ३९६, असे एकूण १,०५६ चौरस मीटर झाले. म्हणजे वीस आरांपैकी चुना मिळणारी जमीन साडेदहा आरांहून थोडीच अधिक आहे, आणि तिला ३०० ग्रॅमप्रमाणे ३१७ किलो शुद्ध चुनखडी लागते: काजूला सव्वाआठ किलो, आंब्याला पावणेपंधरा किलो. याच काजूच्या वर्तुळात पावणेएकोणीस किलो टाकले असते, तर तो दर हेक्टरी जवळजवळ ७ टन झाला असता.

आता खोलीचा विचार करू, जो अहवालात लिहिलेला असतोच असे नाही. चुन्याची शिफारस साधारणपणे वरच्या १५ सेंटिमीटर मातीसाठी काढलेली असते आणि त्या सगळ्या थरात चुना नांगराने किंवा रोटाव्हेटरने मिसळला जाईल असे तिच्यात गृहीत असते. उभ्या काजूखाली आपण रोटाव्हेटर घालत नाही आणि घालूही नये. काजूची बारीक मुळे फार वर असतात. कुदळीने किंवा खुरप्याने माती हलकेच चाळवली तर ती सात-आठ सेंटिमीटर हलते, त्याहून खाली नाही. चुनखडी पाण्यात अतिशय कमी विरघळते, त्यामुळे ती युरियासारखी पावसाबरोबर खाली जात नाही. जिथे टाकली तिथेच वर्षानुवर्षे बसून राहते. पंधरा सेंटिमीटरचा चुना सात सेंटिमीटरमध्ये कोंबला, तर त्या थरासाठी मात्रा दुप्पट झाली. म्हणून यंदा निम्मा: ३१७ चे १५८ किलो.

येथपर्यंतचे सगळे आकडे शुद्ध आणि बारीक चुनखडीचे आहेत, आणि दुकानातला माल तसा नसतो. पोत्यावरचे ८५ टक्के म्हणजे शंभर किलो भुकटी आम्ल मारण्याच्या कामात ८५ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटइतकी भरते, असे धरता येईल. तरीही तो आकडा कार्बोनेटचाच आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या, कारण काही पोत्यांवर नुसत्या कॅल्शियमचे प्रमाण लिहिलेले असते आणि शुद्ध चुनखडीतही कॅल्शियम चाळीसच टक्के असते. दुसरी गोष्ट बारीकपणाची. रेतीसारखा कण जमिनीत पडून राहतो, त्याच्या पृष्ठभागापुरतीच क्रिया होते. ढोबळ रीत अशी, की पाव मिलिमीटरहून बारीक भाग पूर्ण कामाचा, त्याहून मोठा पण सुमारे अडीच मिलिमीटरच्या आतला भाग निम्म्या कामाचा, आणि त्याहून जाड खडा हिशेबात धरायचाच नाही. समजा, तुमच्या भुकटीचे शंभर ग्रॅम चाळले आणि त्यांत ७० ग्रॅम बारीक, २५ ग्रॅम मधले आणि ५ ग्रॅम जाड निघाले; मग कामाचा भाग ७० अधिक साडेबारा, म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. त्याला ८५ टक्क्यांनी गुणले की ७० टक्के उरतात. आता १५८ ला ०.७० ने भागले, तर सुमारे २२६ किलो येतात; साडेचार पोती आणि हातात थोडा शिल्लक माल, म्हणून मी सुरुवातीस पाच म्हटले. झाडामागे तोच हिशेब काजूला ५.९ आणि आंब्याला १०.६ किलो असा बसतो.

हे सर्व एका ओळीत लिहून गोठ्याच्या भिंतीवर लावायचे असेल तर असे लिहा. पहिल्या तीन आकड्यांच्या गुणाकारातून शुद्ध चुना निघतो आणि पुढच्या भागातून प्रत्यक्ष माल.

```
किलो = चौ.मी. × टन/हे. × ०.१ × (मिसळण्याची खोली ÷ १५) ÷ (शुद्धता × बारीकपणा)
```

तुमच्या काजूसाठी: २७.५ × ३ × ०.१ × ०.५ ÷ (०.८५ × ०.८२५) = ५.९ किलो.

चाळणीबाबत थोडे अधिक सांगतो. पाव मिलिमीटरची चाळणी घरात नसते, प्रयोगशाळेत असते. पण घरची मैद्याची चाळण आणि दोन बोटे यांनीही बराच अंदाज येतो. चिमूटभर भुकटी अंगठ्याने तर्जनीवर चोळावी. पावडरीसारखी गुळगुळीत लागली तर माल चांगला आणि पांढरी वाळू चोळल्यासारखी कचकचली तर निम्म्याहून अधिक भाग लवकर कामाला येणार नाही. ओलसर पोतेही पाहून घ्या. पावसाळ्याच्या तोंडाला उघड्या शेडमध्ये राहिलेल्या पोत्यात पाच किलो पाणी असले, तर ते पाणी आपण चुन्याच्या भावाने घेतो.

मालाच्या नावाने होणारी फसगत याहून मोठी असते. जिप्सम हा चुना नव्हे. त्यात कॅल्शियम आहे म्हणून तो चुना म्हणून गळ्यात मारला जातो, पण त्याने सामू वाढत नाही. आमच्या गावच्या एका शेतकऱ्याला असा माल मिळाला होता आणि दोन वर्षे सामू जागचा हलला नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: बशीत चमचाभर भुकटी घेऊन तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे किंवा तेही नसेल तर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. चुनखडी ताबडतोब फसफसते, जिप्सम गप्प बसतो. डोलोमाइट मात्र फसफसायला वेळ लावते, त्यामुळे ते पटकन नाकारू नका. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते आणि आपल्या जांभ्याच्या, सतत धुपणाऱ्या मातीत मॅग्नेशियमचीही बहुधा ओढ असते. अहवालात मॅग्नेशियम कमी दिसले, तर मी स्वतः डोलोमाइटच घेईन.

घरे रंगवायचा विरलेला चुना वापरला तर चालेल का, असे नेहमी विचारले जाते. रसायनाच्या हिशेबाने ७४ किलो शुद्ध विरलेला चुना १०० किलो चुनखडीचे काम करतो, आणि कळीचा चुना तर ५६ किलोच पुरतो. परंतु हे दोन्ही जलद काम करणारे आणि दाहक आहेत. कळीचा चुना पाण्याबरोबर उकळतो, कातडी आणि डोळे भाजतो, आणि उभ्या झाडाच्या कोवळ्या मुळांजवळ तो घालण्याची मला कधी गरज वाटलेली नाही. मोकळ्या जमिनीत लागवडीच्या आधी विरलेला चुना देणे ही वेगळी गोष्ट.

एक प्रश्न प्रयोगशाळेला अवश्य विचारा: हे ३ टन सामू कुठवर नेण्यासाठी काढले आहेत? केवळ ५.१ या आकड्यावरून चुन्याची मात्रा ठरत नाही. चिकण आणि सेंद्रिय अंश जास्त असलेली माती तेवढ्याच सामूवर हलक्या मातीच्या कितीतरी पट चुना पचवते, म्हणून प्रयोगशाळा बफर द्रावण वापरून गरज मोजते आणि एखादे लक्ष्य ठरवते. ते लक्ष्य ६.५ किंवा त्याहून वर असेल, तर काजूसाठी ते अनावश्यक आहे. काजू आम्ल जमीन चांगली सोसतो, आंब्यालाही ६ च्या आसपास सामू पुरतो, आणि मुळांना जाळणारे विरघळलेले ॲल्युमिनियम सामू साधारण ५.५ च्या वर गेला की मातीत बसून जाते. माझ्या मते तुमच्या बागेत ५.८ ते ६ हे पुरेसे ध्येय आहे, आणि निम्म्यापासून सुरुवात करण्याचे हे दुसरे कारण. कमी पडलेला चुना पुढच्या वर्षी घालता येतो; जास्त पडलेला काढता येत नाही. माझ्या आंब्यांना मी अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का विरलेला चुना यांची फवारणी नव्या पालवीवर देत राहिलो, आळ्यात कंपोस्ट भरत राहिलो, तरी पाने पूर्ण हिरवी व्हायला तीन हंगाम गेले.

आता प्रत्यक्ष काम. मे महिन्यात एक-दोन चांगले वळीव पडून माती ओली झाली की चुना टाकावा. भुकटीला काम करायला ओलावा लागतो, पण आजऱ्याच्या जुलैतल्या धो-धो पावसात उतारावर टाकलेली भुकटी ओढ्याला जाते. तुमची बाग उताराची असेल, तर पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर महिना निवडा. तीन मीटरची सुतळी खोडाला सैल बांधून तिच्या टोकाने काठीने गोल आखा, अर्ध्या मीटरचा आतला गोलही आखा. सहा किलो चुना तोलून घ्या. घरातल्या एका डब्यात किती किलो बसतो हे एकदा तोलून ठेवले, की पुढच्या तेवीस झाडांना काटा लागत नाही. त्यातला निम्मा उत्तर-दक्षिण चालत आणि निम्मा पूर्व-पश्चिम चालत टाकावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. प्रथमच करणाऱ्याने एक मीटर बाय एक मीटरचे गोणपाट अंथरून त्यावर सुमारे २१५ ग्रॅम भुकटी पसरून पाहावी. जमिनीवर सडा घालून वर रांगोळीची पूड विरळ भुरभुरल्याइतकाच तो थर दिसतो. ज्याला जमीन पांढरीफेक झालेली दिसते, त्याने तेथे दुप्पट टाकले आहे असे समजावे. वारा पडलेला असताना, नाकातोंडाला फडके बांधून काम करावे आणि त्याच दिवशी खुरप्याने माती हलवून चुना आत घ्यावा.

युरिया, डीएपी, सुपर फॉस्फेट आणि शेणखत यांपैकी काहीही चुन्याबरोबर एकाच दिवशी घालू नका. तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा. चुन्याजवळ अमोनियाचे नत्र हवेत उडते आणि स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकते.

पुढच्या वर्षी, यंदा चुना टाकला त्याच महिन्यात, खते देण्याआधी, चार-पाच काजूंच्या वर्तुळातली माती एकत्र करून एक नमुना घ्या, तोही दोन भागांत: वरचे सात सेंटिमीटर वेगळे आणि त्याखालचे सात ते पंधरा सेंटिमीटर वेगळे. आंब्यांचा नमुना स्वतंत्र ठेवा आणि ओळींमधल्या, चुना न पडलेल्या जागेचा एक नमुना तुलनेसाठी घ्या. वरच्या थराचा सामू ५.८ च्या पुढे गेला असेल, तर काजूंना दुसरा हप्ता देऊ नका, आंब्यांपुरता विचार करा. तो ५.५ च्या खालीच राहिला असेल, तर आधी भुकटीचा बारीकपणा आणि तुम्ही माती किती खोल हलवली हे तपासा. दोन्ही ठीक निघाले तरच उरलेली साडेचार पोती आणा.